भंडाऱ्याच्या रात्री खराटा कोण धरणार? गणपती मंडळाच्या ड्युट्यांचा तक्ता कसा लावावा

निंबाची सावली

राम राम मंडळी. जळगावला आमची ४६ घरांची कॉलनी आहे. यंदा मंडळाचं सेक्रेटरीपद माझ्याकडे आलंय. १४ सप्टेंबर २०२६ ला गणपती बसतोय, २५ ला विसर्जन, म्हणजे चांगले बारा दिवस. आरास, आरती, प्रसाद, भंडारा, साफसफाई या सगळ्या ड्युट्यांचा तक्ता मला करायचा आहे.

आधी गेल्या वर्षी काय झालं ते सांगते. तक्ता तेव्हाही होता. आरतीपुढे नावं होती, प्रसादापुढे नावं होती. भंडाऱ्याच्या दिवशी मात्र असं लिहिलं होतं: स्वयंपाक महिला मंडळ, वाढणं तरुण मंडळ, साफसफाई सर्वजण. ५ सप्टेंबरला भंडारा झाला. साडेसहाला बसायची ती पहिली पंगत सव्वाआठला बसली, कारण बट्टी तळून उरकेना. शेवटची पंगत उठली तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. मी मागे वळून बघितलं तर मैदानात आम्ही तिघं: मी, शेजारचे अडुसष्ट वर्षांचे अण्णा आणि त्यांचा नातू. मंडपवाल्याने तोवर हॅलोजन उतरवून नेला होता. मोबाईलच्या उजेडात आम्ही पत्रावळ्या गोळा करत होतो. अर्धं आवरलं आणि दीडच्या सुमाराला पाऊस आला. सकाळी बघते तर द्रोण वाहत जाऊन गटारीच्या जाळीवर बसलेले, पाणी रस्त्यावर, आणि ओलं-सुकं एकत्र भरलंय म्हणून घंटागाडीने गोण्या घेतल्याच नाहीत. अण्णा पुढे दोन दिवस तापाने झोपून होते. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

तर प्रश्न एवढाच. तक्ता कसा लावला म्हणजे शेवटपर्यंत माणसं राहतात?

पांझराकाठ

ताई, दंड लावा. आमच्या धुळ्याच्या गल्लीत ड्युटी चुकली की १०० रुपये. दोन वर्षांत सगळे सरळ झाले. आणि वेळ लिहा, नुसतं नाव नको. साफसफाई ९ ते ११, त्यापुढे चार नावं. वेळ लिहिली की माणूस बांधला जातो.

कळण्याची भाकर

भाऊ, आमना गल्लीमा बी आसंच व्हस. नाव लिखाले सगळा पुढे, खराटा धराले कोनी नही.

कानबाईची लेक

आमच्याकडे कानबाईला असा तक्ता कधी करावा लागला नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन. रोटाचे गहू कुणी निवडायचे, दळण कुणी आणायचं, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे. माझ्या सासूबाई फक्त मोठ्या जावेकडे बघतात आणि काम होतं. सगळ्यांनी मनापासून केलं तर कागदाची गरजच काय?

निंबाची सावली

ताई, कानबाई घरची असते, भाऊबंदांची असते. आमच्या कॉलनीत कुणी पाचोऱ्याचं, कुणी रावेरचं, आठ घरं भाडेकरूंची. कुणी कुणाकडे बघायचं तेच ठरलेलं नाही, म्हणून कागद.

बोरीकाठ

मी अमळनेरचा, निवृत्त शिक्षक. आमच्या मंडळाचा तक्ता एकोणीस वर्षं मी लावला, आता सून लावते. ताईंच्या पोस्टमधलं मला खटकलेलं एकच वाक्य आहे, ते म्हणजे "साफसफाई सर्वजण". तिथेच भंडारा बिघडला होता, पाऊस तर नंतर आला. "सर्वजण" लिहिलेल्या कामाला आमच्याकडेही कधी कुणी आलं नाही, आणि त्यात लोक वाईट होते असंही नाही. प्रत्येकाला खरंच वाटतं की बाकीचे आहेत.

पांझराकाठ यांचं निम्मं बरोबर आहे. नाव हवंच. पण भंडाऱ्याच्या दिवशी घड्याळाची वेळ लिहिली की घात होतो. ताईंच्या भंडाऱ्यात ९ ते ११ असं लिहिलं असतं, तर नऊला आलेली माणसं दोन तास उभी राहून अकराला घरी गेली असती, आणि शेवटची पंगत उठली सव्वाअकराला. म्हणजे खराट्याची खरी गरज लागली तेव्हा त्यांची ड्युटी संपलेली. आम्ही वेळेऐवजी पंगत लिहितो. "तिसरी पंगत बसली की यायचं." बट्टीला उशीर झाला तर ड्युटी आपोआप पुढे सरकते. एक पोरगा फक्त फोन करायला ठेवायचा. तिसरी पंगत बसली की त्याने सहा घरी फोन लावायचे, बास.

दुसरी गोष्ट अशी, की ज्यांनी स्वयंपाक केला आणि ज्यांनी वाढलं त्यांच्याकडे साफसफाई देऊ नये. ताई, तुमची वाढपी मुलं साडेसहापासून उभी असणार. सव्वाअकराला ती जेवायला बसली आणि जेवून घरी गेली, यात त्यांचा दोष मला दिसत नाही. साफसफाईची माणसं पहिल्या पंगतीला जेवू घालायची, घरी पाठवायची, आणि तिसऱ्या पंगतीला ताजीतवानी बोलवायची.

शेवभाजी

मी आता पुण्यात असतो. आमच्या सोसायटीत हे सगळं कंत्राटावर देतात. चार माणसं येतात, दोन तासांत मैदान चकाचक. एवढा विचार करण्यापेक्षा वर्गणीत थोडी वाढ करा.

कळण्याची भाकर

शेवभाजी भाऊ, मंग गनपतीले बी कंत्राटवर बसाडी द्या ना!

बोरीकाठ

शेवभाजी, कंत्राटाला माझा विरोध नाही, भांडी घासायला आम्हीही बायका लावतो आणि त्यांना रीतसर मजुरी देतो. पण रात्री अकरानंतर लहान गावात माणूस मिळत नाही आणि सकाळी येतो म्हणाला तर रात्रीतून कुत्री गोण्या फाडतात. पत्रावळ्या उचलणं आणि जमीन कोरडी करणं त्याच रात्री झालं पाहिजे, तेवढ्यापुरते मंडळाचेच हात लागतात.

भुसावळ जंक्शन

माझी अडचण वेगळी आहे. मी रेल्वेत रनिंग स्टाफमध्ये. आम्हाला कॉल आला की निघायचं, उद्या कुठे असेन ते मलाच माहीत नसतं. गेली तीन वर्षं माझं नाव संध्याकाळच्या आरतीला टाकतात आणि मी नागपूरला असतो. मग गल्लीत बोलणी माझ्या बायकोला. दंडाचं ऐकून तर वाईटच वाटलं. आमच्या लाईनीत निम्मी घरं रेल्वेची, उरलेल्यात काही ऑर्डनन्स फॅक्टरीची, काही दीपनगर वीज केंद्रातली. सगळे शिफ्टवाले. अशा माणसांनी काय करायचं?

बोरीकाठ

भाऊ, तुमचं नाव माणसाचं म्हणून नाही, घराचं म्हणून टाकायला हवं होतं. आमच्या तक्त्यात माणसं नसतातच, घरं असतात. घरातून कोण येणार ते घरानं ठरवायचं. आणि तुमच्यासारख्यांना ठरलेल्या तारखेची ड्युटी न देता वेळ मिळेल तेव्हा करायची कामं द्यायची. नारळ-हार आणणं, भाड्याची भांडी उतरवून मोजून घेणं, निर्माल्य कुंडावर पोहोचवणं. ही कामं दुपारी दोनला केली काय आणि सकाळी सहाला केली काय, चालतात.

आता ताईंचा हिशोब करून बघू. बारा दिवस आहेत. सकाळच्या आरतीची तयारी दोन जण, म्हणजे २४. संध्याकाळची आरती आणि प्रसाद मिळून तीन जण, म्हणजे ३६. मंडपात झोपायला तीन जण, १४ च्या रात्रीपासून २४ च्या रात्रीपर्यंत अकरा रात्री, म्हणजे ३३. रोजचं झाडणं दोन जण, म्हणजे २४. बेरीज ११७. घरं ४६ आहेत, पण त्यात अण्णांसारखी वयस्कर, आजारपणाची, तान्ह्या बाळाची घरं असणारच. सहा बाजूला ठेवली तर ४० उरतात. ४० घरांना तीन-तीन ड्युट्या म्हणजे १२०. झाली की जुळवणी. तीन ड्युट्या शिल्लक राहतात, त्या राखीव. भंडारा या हिशोबात धरायचा नाही, त्याचा कागद वेगळा.

बैठकीत एवढंच सांगा, "बारा दिवसांत प्रत्येक घराला तीन वेळा यायचंय." लोकांना वाटत असतं की एकदा नाव दिलं की रोज जुंपणार, म्हणून ते आधीच अंग काढून घेतात. तीन हा आकडा ऐकला की माना हलतात.

निंबाची सावली

काका, हे वाचून मी वहीत उतरवलं. खरंच तीन-तीनच येतात! आम्ही गेल्या वर्षी आठ उत्साही लोकांवर सगळं टाकलं होतं. त्यातल्या दोघांनी यंदा आधीच हात जोडलेत.

एक विचारते, तिन्ही ड्युट्या सारख्या कशा? मंडपात रात्रभर झोपणं आणि सकाळी फुलं निवडणं यात फरक आहे ना?

पांझराकाठ

हेच म्हणणार होतो. आमच्याकडे वशिल्याच्या घरांना फुलं आणि नव्या भाडेकरूला रात्रपाळी. म्हणूनच दंड करावा लागतो.

बोरीकाठ

पांझराकाठ, मग दंड भलत्याच घरांना बसतोय, बघा बुवा.

सारख्या नाहीतच. म्हणून प्रत्येक घराला एक जड आणि दोन हलक्या द्यायच्या. रात्र जड. आरतीची तयारी हलकी. रोजचं झाडणं तसं वीस मिनिटांचं असतं, पण लोकांना नको वाटतं, म्हणून आमची सून ते जडातच धरते. रात्री ३३ आणि झाडणं २४ मिळून ५७ जड झाल्या, घरं ४०, म्हणजे १७ घरांना दोन जड येणार. ती १७ घरं चिठ्ठी टाकून सगळ्यांसमोर काढा. आणि पुढच्या वर्षी त्यांना वगळायचं, हे त्याच वहीत लिहून ठेवा. मी जे जे वाद बघितले त्यातले बहुतेक "मागच्या वर्षीही मीच" यावरूनच झाले, आणि वही उघडली की मिटले.

आरासवाला

मी चाळीसगावला सजावटीची कामं घेतो, आमच्या गल्लीची आरासही मीच करतो. तक्त्यात आरास म्हणजे फक्त लावणं धरतात, उतरवणं कुणी लिहीतच नाही. विसर्जन मिरवणूक रात्री उशिरा संपते, दुसऱ्या दिवशी सगळे झोपलेले, आणि थर्माकोलचा चुरा, पिना, लाईटच्या माळा आठवडाभर तिथेच. ताई, तुमचं विसर्जन शुक्रवारी आहे. २६ ला शनिवारी सकाळी नऊ वाजता उतरवणं अशी ओळ आत्ताच घाला.

माझं मत असं, की ज्यांनी लावलं त्यांनीच उतरवायचं. कुठली वायर कुठून फिरवलीय, कुठल्या बांबूवर वजन आहे, हे त्यांनाच ठाऊक असतं. आमच्याकडे एकदा दुसऱ्याच पोरांनी उत्साहात पडदा ओढला, त्यामागे चालू माळ होती, उघडा जोड. थोडक्यात वाचले. आधी मेन स्विच बंद, मग माळा, मग कापड, शेवटी बांबू. हा क्रम मंडपाला चिकटवून ठेवा.

बोरीकाठ

इथे मी थोडा वेगळा आहे. लावणाऱ्यांनी आठवडाभर रात्री जागवलेल्या असतात. त्यांच्यातला एक जाणता उभा राहू दे, पण हात दुसऱ्यांचे असावेत.

आरासवाला

काका, जाणता उभा राहतो आणि मग हातही तोच लावतो, असा माझा अनुभव. बघा तुम्ही.

दगडी जातं

नंदुरबारहून. मी महिलांच्या बाजूने दोन गोष्टी मांडते, कारण तक्ता बहुतेक ठिकाणी पुरुषच करतात.

पहिलं म्हणजे गौरी-महालक्ष्मीचे तीन दिवस. घरात महालक्ष्म्या बसलेल्या असताना, पुरणाचा घाट घातलेला असताना बाईचं नाव मंडळाच्या प्रसादाला टाकतात, आणि ती आली नाही की कुजबुज होते. पंचांग बघून ते तीन दिवस महालक्ष्मीवाल्या घरांना पूर्ण मोकळे ठेवा. ज्यांच्या घरी महालक्ष्म्या नसतात ती घरं त्या दिवसांत घ्या.

दुसरं, बदली मागताना कारण विचारायचं नाही, हा नियम वरच लिहा. आमच्याकडे आरतीच्या ताटाची ड्युटी असलेल्या मुलीला चारचौघांत "का नाही येत?" असं विचारलं. ती बिचारी रडत घरी गेली. मी स्वतः पाळी-बिळी काही मानत नाही, पण जी मानते तिला पुरुषांसमोर खुलासा का करावा लागावा? बदली कुणाशी केली तेवढं सांगितलं की झालं.

आणि "स्वयंपाक महिला मंडळ" हे वाक्य मला "साफसफाई सर्वजण"इतकंच खटकतं. पन्नास-साठ किलो पिठाची बट्टी मळायला पुरुषांचे हात का नकोत?

निंबाची सावली

ताई, हे फार बरं लिहिलंत. बदलीचा नियम पहिल्या ओळीत जाणार. कणकेचं म्हणाल तर गेल्या वर्षी चारशे पानांना आम्ही साठ किलो बट्टीचं जाडसर पीठ, वीस किलो तूरडाळ आणि पन्नास किलो वांगी घेतली होती. सहा जणींनी मळलं. मनगटं धरली होती सगळ्यांची.

दगडी जातं

मग उशीर का झाला ते इथेच दिसतंय. मळायलाच तुमचे दोन तास गेले असणार. मळायला चार मजबूत पोरं घ्या, पीठ पाच-पाच किलोच्या परातींत वाटून द्या, तेल-ओवा-हळदीचं माप एकीनेच ठेवायचं. आणि तळायला कढया किती होत्या?

निंबाची सावली

एकच मोठी.

दगडी जातं

दोन लागतात. बट्ट्या दुपारीच वाफवून, कापून, पंचावर पसरून ठेवायच्या. गार झालेली फोड तेल कमी पिते आणि पटकन तळून निघते. पहिली पंगत बसायच्या आधी निम्मी तळलेली हवी. हे झालं तर काकांची तिसरी पंगतसुद्धा रात्री आठला बसेल आणि खराटेवाले साडेदहाला घरी जातील.

कळण्याची भाकर

आनि वांगास्नी भाजी घोटेल पायजे, नुसती फोडी नको. भंडाराना सवाद तठेच ऱ्हास.

गोठ्यातला

शिरपूरला गुरांच्या दवाखान्यात कामाला आहे, म्हणून एक कळकळीची विनंती. साफसफाईच्या ड्युटीत "उरलेलं अन्न गाईला" असं लिहितात. बट्टी, भात, कणकेचा उरलेला गोळा टोपलीभर एकदम गाईपुढे ठेवू नका. असं धान्याचं अन्न एकदम जास्त गेलं की पोटात आम्ल वाढतं, रवंथ बंद होतं, गाय बसते ती उठत नाही. भंडाऱ्यांच्या दिवसांत अशी जनावरं येतात, सगळी वाचत नाहीत. शिवाय पत्रावळीतल्या काड्या आणि प्लॅस्टिकचे ग्लास त्यातच असतात. उरलेलं चांगलं अन्न डब्यांत भरून माणसांना वाटा. तक्त्यात त्यासाठी एक नाव ठेवा, त्याने चौथी पंगत बसतानाच डबे तयार ठेवायचे.

निंबाची सावली

आम्ही हेच केलं होतं, दोन टोपल्या कोपऱ्यावर ठेवल्या होत्या. माहीतच नव्हतं. लिहून घेतलं.

भुसावळ जंक्शन

काका, घराच्या नावावर ड्युटी ही कल्पना आवडली. पण एक प्रश्न, घरात सुतक पडलं तर? गेल्या वर्षी आमच्या लाईनीत एका आजोबांचं निधन झालं आणि आरतीवाली पाच घरं एकदम बंद, सगळे भाऊबंद.

बोरीकाठ

हा आपल्या खान्देशातला खास घोटाळा आहे, कारण एका गल्लीत एकाच भाऊबंदकीची सात-आठ घरं सहज असतात. सुतक सगळ्यांना एकदम लागतं, सोयरही. नावं घरांच्या ओळीने टाकली तर ती पाच घरं लागोपाठ येतात आणि दोन दिवस आरतीला कुणीच उरत नाही. म्हणून आमच्याकडे एका आरतीला एकाच भाऊबंदकीची दोन घरं टाकत नाहीत. मग सुतक पडलं तरी प्रत्येक वेळी एकच माणूस कमी होतो, बाकीचे निभावून नेतात. आणि सुतकातली घरं मंडपाच्या बाहेरची कामं करू शकतात, ज्यांची इच्छा असेल त्यांनी. आमच्याकडे एका काकांनी सुतकात असताना पाण्याचे ड्रम भरले होते. कुणी हरकत घेतली नाही.

आरासवाला

आमच्याकडे घेतली असती.

पांझराकाठ

साफसफाईची टोळी नक्की किती जणांची आणि त्यांनी काय काय करायचं? नुसतं "साफसफाई" लिहून पोरं इकडेतिकडे बघत उभी राहतात. माझ्या गल्लीत हेच होतं, दंड भरूनही होतं.

बोरीकाठ

चारशे पानांना आम्ही दोन टोळ्या करतो. चौघांची पहिली टोळी पहिल्या दोन पंगती उठल्यावर पानं उचलते आणि मोकळी होते. सहा जणांची दुसरी टोळी तिसरी बसली की येते आणि शेवटपर्यंत राहते.

पंगत उठली की आधी बादली फिरवायची. द्रोणातलं वरण बादलीत ओतायचं आणि मगच द्रोण-पत्रावळी गोणीत. ही एक गोष्ट केली नाही की गोणी गळते, सगळी वाट चिकट होते आणि ती उचलायला कुणी तयार होत नाही. ग्लासांची गोणी वेगळी. ताईंच्या गोण्या घंटागाडीने घेतल्या नाहीत, त्या अशाने घेतल्या जातील.

कढईजवळ सांडलेल्या तेलावर पाणी मारू नका, तेल पसरतं आणि घसरगुंडी होते. लाकडाचा भुसा किंवा राख टाकायची, पाच मिनिटं थांबायचं, खराट्याने कोरडंच ओढायचं. राख चुलीतली चालते, पण पूर्ण विझलेली आणि गार झालेली.

वरणाचं पातेलं आणि वाफवायचे गंज रिकामे होताक्षणी पाण्याने भरून ठेवायचे, नाहीतर सकाळी भांडीवाल्या मावशींना तासभर खरवडावं लागतं. पाण्याचा एक ड्रम साफसफाईसाठी राखून ठेवायचा आणि वाढप्यांना त्याला हात लावू द्यायचा नाही.

आणि हॅलोजन! ताई, मंडपवाल्याला आधीच सांगा, शेवटची गोणी बाहेर गेल्याशिवाय दिवा उतरवायचा नाही. आम्ही ठरवतानाच हे बोलतो आणि पैशांचा शेवटचा हप्ता दुसऱ्या दिवशी देतो.

शेवभाजी

काका, मी कंत्राटाचं बोललो ते मागे घेत नाही, पण वरणाची बादली वाचून माझी आई आठवली. ती पंगतीत हेच करायची. यंदा भंडाऱ्याला चाळीसगावला येतोय. आरासवाला भाऊ, तुमच्या गल्लीत सहावा माणूस लागला तर सांगा.

आरासवाला

या की. खराटा तयार आहे.

कानबाईची लेक

मी सुरुवातीला कागदाची गरज काय म्हणाले होते. काल सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "मोठी जाऊ गेली की मग कळेल कागद का लागतो." आमच्या मोठ्या काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत. रोटाच्या सगळ्या गोष्टी त्यांच्याकडून लिहून घ्यायला आज बसले आहे.

निंबाची सावली

काल बैठक झाली, म्हणून परत आले. ३१ घरं आली होती. "प्रत्येक घराला तीन वेळा" म्हटल्यावर खरंच कुरकुर झाली नाही. जड-हलकं करून चिठ्ठ्या टाकल्या. दोन जड आलेली १७ घरं वहीत लिहिली, त्यात माझंही घर आहे. न आलेल्या घरांकडे मी आणि अण्णांचा नातू आज-उद्या जाऊन येऊ, त्यांच्या मागे चिठ्ठ्या काढल्या असं त्यांना वाटू नये.

भंडारा रविवारी २० तारखेला ठरतोय, दगडी जातं ताईंच्या सांगण्यावरून आधी पंचांग आणि महालक्ष्मीवाली घरं तपासून मगच पक्कं करू. कढया दोन सांगितल्या. मळायला चार पोरांनी नावं दिली, त्यातला एक जिममध्ये जातो, तो म्हणाला पंधरा किलो माझे. दुसऱ्या टोळीत सहा नावं, फोन करायला अण्णांचा नातू. अण्णांना मी पहिल्या पंगतीत बसवणार आणि घरी सोडून येणार आहे.

एकच गोष्ट अडली. दोन घरांनी सांगितलं की आम्ही वर्गणी दुप्पट देतो, आमची ड्युटी काढा. निम्मे म्हणाले घ्या पैसे, भांडीवाल्या मावशींना देता येतील. निम्मे म्हणाले मग उद्या दहा घरं हेच मागतील. मी निर्णय पुढे ढकलला.

पांझराकाठ

घेऊ नका. आमचा दंडही शेवटी तसाच झाला होता, लोक १०० रुपये आधीच आणून द्यायचे. हे मी पहिल्या पोस्टमध्ये सांगायला हवं होतं.

भुसावळ जंक्शन

माझ्यासारख्याने दिले तर? मी गावातच नसतो तेव्हा पैशाशिवाय काय देणार?

बोरीकाठ

तुम्ही भांडी मोजा भाऊ, पैसे नकोत. बाकी त्या दोन घरांचं मला अजून नीट सुचत नाही. आमच्याकडे एका घराकडून एक वर्ष घेतले होते, पुढच्या वर्षी त्यांचा मुलगा आपणहून झाडायला आला. दुसऱ्या घराकडून घेतले, ते आजतागायत पैसेच देतात.

दगडी जातं

ताई, त्या दोन घरांतल्या बायकांना विचारलंत का? बैठकीत बोललं कोण?

निंबाची सावली

दोन्हीकडून पुरुषच बोलले. उद्या घरी जाऊन विचारते.

कळण्याची भाकर

इचारा ताई. आनि बट्टी कवय शे ते सांगा, मी धुयाहून येस.